फायबरच्या डब्यावरचा लाल दिवा: दोष वाकलेल्या केबलचा की धुळीचा, आणि कंपनीला नेमके काय सांगावे?

संथप्रवाह
काल रात्रीपासून आमच्या फायबरच्या डब्यावरचा एलओएस नावाचा दिवा लाल झाला असून तो सतत लुकलुकतो आहे. त्याच्या शेजारचा पॉनचा दिवा एरवी हिरवा स्थिर असतो, तो आता पूर्ण विझलेला आहे. विजेचा दिवा मात्र व्यवस्थित हिरवा आहे. ग्राहक सेवेत फोन केल्यावर पलीकडून आधी डबा बंद-चालू करायला सांगितले, मग मागच्या छिद्रात टाचणी घालून रीसेट करायला सांगितले. पहिले केले, दुसरे अजून केलेले नाही.

कपाट ओढून मागे पाहिले तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. भिंतीतून येणारी बारीक पांढरी केबल कपाटाच्या पाठीमागे अक्षरशः काटकोनात दुमडली गेली होती. शिवाय डब्यात जाणाऱ्या हिरव्या प्लगभोवती धुळीचा करडा थर होता. मागच्या महिन्यात रंगकामाच्या वेळी मीच तो प्लग काढून तसाच टोपीविना लोंबकळत ठेवला होता, हे कबूल करतो. आता माझे प्रश्न असे: दोष वाकल्यामुळे आहे की धुळीमुळे, हे मला घरबसल्या ओळखता येईल का? आणि पुढच्या फोनवर काय सांगितले म्हणजे पुन्हा "बंद करून चालू करा" ऐकावे लागणार नाही?

बंदचालू
माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा डबा पाच मिनिटे बंद ठेवून चालू केला की सगळे ठीक होते. घाई केल्यास होत नाही. नाहीच झाले तर रीसेट करावे, म्हणजे डबा अगदी नव्यासारखा होतो.

काचतंतू
तारा जोडणे आणि दुरुस्त करणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. सर्वप्रथम, संथप्रवाह, ती टाचणी जागेवर ठेवा. रीसेट केल्याने डबा नव्यासारखा होतो हे खरे, पण त्यासोबत कंपनीने त्यात भरलेले लॉगिनचे नाव, पासवर्ड आणि जोडणीच्या इतर खुणाही पुसल्या जातात. मग प्रकाश परत आला तरी इंटरनेट येत नाही, आणि एका दोषाचे दोन दोष होतात.

एलओएसचा लाल दिवा एवढेच सांगतो की केबलमधून येणारा प्रकाश डब्याला ओळखता येत नाही. त्याचा संबंध वायफायशी नाही, पासवर्डशी नाही आणि बिलाशीही नाही. बिल थकल्यास कंपनी सेवा थांबवते, पण प्रकाश साधारणपणे येतच राहतो आणि पॉनचा दिवा हिरवा दिसतो. त्यामुळे तुमच्याकडे दोष तारेच्या वाटेवर कुठेतरी आहे, एवढे निश्चित धरा. डबा बंद-चालू केल्याने वाटेतला अडथळा हटत नाही.

एक सोपे काम करा. डब्याच्या स्वतःच्या पानावर जा (पत्ता डब्याखालच्या चिठ्ठीवर असतो) आणि ऑप्टिकल माहिती दाखवणाऱ्या भागात `Rx Power` हा आकडा पाहा. तो उणे असतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर प्रकाश पुरेसा आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य डब्यांची नेमून दिलेली मर्यादा उणे २७ आहे. त्याच्या खाली डबा अडखळू लागतो. उणे ४० किंवा रिकामी जागा दिसली तर प्रकाश नाहीच असे समजा. तो आकडा इथे लिहा, पण डब्याचा अनुक्रमांक आणि पासवर्ड इथे लिहू नका.

मनीमाऊ
आमच्या मांजरीने केबल चावली होती तेव्हाही असाच लाल दिवा आला होता. आम्ही चिकटपट्टी लावली, तरी काही उपयोग झाला नाही. मग नवीन केबल टाकावी लागली. तुमच्याकडे मांजर आहे का?

संथप्रवाह
मांजर नाही. कपाट मात्र आहे, आणि ते सारखे भिंतीकडे सरकते.

काचतंतू, आपण सांगितल्याप्रमाणे पान उघडले. कपाट भिंतीला टेकलेले असताना:

```
Rx Power: -40.0 dBm
```

कपाट हातभर पुढे ओढल्यावर दोन मिनिटांनी:

```
Rx Power: -28.6 dBm
```

लाल दिवा गेला, पॉनचा दिवा लुकलुकायला लागला, पण स्थिर होत नाही. डबा बसवणाऱ्या माणसाने त्यावर पेनने "२०.२" असे लिहून ठेवलेले आज प्रथमच ध्यानात आले. तो आकडा हाच असावा का?

काचतंतू
तोच. बसवताना उणे २०.२ होता, हे तुमच्याकडे लेखी आहे. ज्याने तो लिहून ठेवला त्याचे आभार माना, कारण बहुतेक घरी ही नोंद नसते.

आता हिशेब बघा. हे आकडे डेसिबलमध्ये आहेत, म्हणजे ३ ने घटले की प्रकाश निम्मा होतो आणि १० ने घटले की दहावा हिस्सा उरतो. २०.२ वरून २८.६ म्हणजे ८.४ ची घट, अर्थात मूळच्या प्रकाशाचा जेमतेम सातवा हिस्सा डब्यापर्यंत पोहोचतो आहे. पॉनचा दिवा लुकलुकतो तो यामुळेच: डबा कंपनीच्या यंत्राशी ओळख पटवू पाहतो, अर्ध्यावर सूत्र निसटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

कपाट हलवताच उणे ४० वरून उणे २८.६ वर आकडा आला, याचा अर्थ वाकलेल्या जागेचा दोष निश्चित आहे. परंतु कपाट बाजूला झाल्यावरही ८.४ ची घट उरली आहे, तेव्हा एक तर तो वाक अजून पूर्ण सुटलेला नाही, किंवा दुसरीकडेही काही आहे. ती केबल हातात घेऊन हळूवारपणे सरळ करा. खेचू नका, पिळू नका. जिथे दुमड होती तिथे निदान चहाच्या कपाच्या तोंडाएवढे गोल वळण राहील असे सैल सोडा. वरच्या आवरणावर पांढरी रेघ किंवा चीर दिसते का, तेही बघा.

खटपट्या
एक शंका. हल्लीच्या केबली वाकवल्या तरी चालतात असे त्यांच्या जाहिरातीत लिहिलेले असते. आमच्या दाराच्या चौकटीतून तर ती चार ठिकाणी कोपऱ्याला वळवून नेली आहे आणि पाच वर्षांत काही बिघडले नाही. मग कपाटाने असे काय केले?

काचतंतू
खटपट्या, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. घरात येणाऱ्या केबलमधला तंतू बहुधा वाक सहन करणारा असतो, आणि त्याला ७.५ ते १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळवता येते. जुन्या प्रकारच्या तंतूला ३० मिलिमीटरची त्रिज्या लागायची. आपल्या चौकटीतले वळण नखाएवढ्या गोलाईत बसत असेल तर ते मर्यादेत आहे. कपाटाखाली मात्र वळण राहिले नाही, घडी पडली. शर्टाची बाही वळवणे वेगळे आणि इस्त्रीखाली तिची घडी दाबणे वेगळे. घडीवर प्रकाश काचेच्या मधल्या भागातून बाहेर निसटतो, आणि दाब वाढला तर काच तडकतेही. तडकली तर सरळ करूनही उपयोग नसतो.

आजोबा_ऑनलाइन
प्रकाश पडतो की नाही हे पाहण्यासाठी प्लग काढून मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघावे. टीव्हीच्या रिमोटचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट दिसतो. तीच युक्ती इथे चालावी.

काचतंतू
आजोबा, रिमोटच्या बाबतीत आपली युक्ती खरी आहे, इथे मात्र ती फसते. रिमोटचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, तो कॅमेऱ्याच्या चकतीला जाणवतो. कंपनीकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, आणि तो मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर आहे. कॅमेऱ्यात अंधार दिसला म्हणून प्रकाश नाही असा निष्कर्ष चुकीचा ठरेल. प्लगच्या तोंडात डोळ्याने पाहणे तर टाळायलाच हवे, कारण तो प्रकाश दिसत नाही आणि डोळा मिटून घ्यावासा वाटत नाही.

आजोबा_ऑनलाइन
हे ऐकून बरे झाले. मी गेल्या वर्षी असे पाहून तंत्रज्ञाला "प्रकाशच नाही" म्हणून ठणकावून सांगितले होते. तो काहीच बोलला नव्हता, फक्त हसला होता.

कांचन_द
वायफाय कमी पोहोचते त्यालाही हाच उपाय लागू पडतो का? आमच्या शेवटच्या खोलीत वेग फार कमी आहे. डब्यावर मात्र लाल दिवा नाही.

काचतंतू
नाही, कांचनताई, तो स्वतंत्र प्रश्न आहे. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर तारेची वाट ठीक आहे, आणि खोलीतला वेग भिंती व अंतर यांमुळे कमी झालेला असतो. त्यासाठी वेगळा धागा काढल्यास उत्तम.

संथप्रवाह
केबल सरळ केली. आवरणाला चीर नाही, फक्त थोडी चपटी झाल्यासारखी वाटते. आता आकडा उणे २५.९ झाला आणि इंटरनेट सुरू झाले! मात्र अर्ध्या तासात दोन वेळा तुटले. प्लगला अजून हात लावलेला नाही. बनियनच्या टोकाने पुसून टाकू का, म्हणजे कंपनीची वाटच पाहावी लागणार नाही?

खटपट्या
मी चष्म्याच्या कापडाने पुसतो. माझ्याकडे दोन वेळा चालले आहे. पुसण्यासाठी एवढा बाऊ कशाला?

काचतंतू
बनियन नको, फुंकर तर मुळीच नको, कारण फुंकरीतला दमटपणा काचेवर बसतो आणि धूळ तिथेच चिकटते. त्या पांढऱ्या दांडीच्या मधोमध प्रकाश वाहणारा भाग केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान, सुमारे ९ मायक्रोमीटरचा आहे. त्यावर रंगाचा एखादा कण बसला की अर्धा प्रकाश तिथेच अडतो. शिवाय प्लग पुन्हा खोचताना तो कण समोरच्या काचेवर दाबला जातो आणि तिथेही ओरखडा पाडू शकतो. तुम्ही टोपीविना लोंबकळत ठेवून मग तसाच खोचला आहे, तेव्हा आता डब्याच्या आतल्या बाजूलाही धूळ गेली असणार, आणि तिथपर्यंत बनियन पोहोचत नाही.

यासाठी पेनासारखे दिसणारे साफ करण्याचे साधन असते. ते खोचून दाबले की खट असा आवाज येतो आणि आतली दोरी पुढे सरकून काच पुसून घेते. ते कुठे मिळत असेल तर उत्तम; एरवी तंत्रज्ञाकडे ते असतेच. खटपट्यांच्या चष्म्याच्या कापडाने कधी चालेल, कधी तेलकट पट्टा राहील. दोनदा चालले म्हणून तिसऱ्यांदा चालेलच असे मला तरी म्हणवत नाही.

खटपट्या
तंत्रज्ञांना काम राहावे म्हणून हे सांगत नाही आहात ना? (हलकेच घ्या.) माझे कापड नवे आणि धुतलेले असते, आणि दोन्ही वेळा आकडा सुधारला आहे. माझ्या मते ज्याला घाई आहे त्याने हा धोका पत्करायला हरकत नाही.

काचतंतू
यावर आपले मतभेद राहू देत. फक्त कापडाने पुसायचे ठरवलेच, तर हिरव्या प्लगचे तोंड तिरके घासलेले असते, ८ अंशांनी. म्हणून गोल घासू नका, एका दिशेने एकदाच ओढा. निळ्या रंगाचा प्लग त्यात खोचू नका. त्याचे तोंड सरळ असते, दोन्ही जुळत नाहीत आणि प्रकाश निम्म्याहून कमी होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण संथप्रवाह यांनी तो विचारला होता आणि आपण सगळे चष्म्याच्या कापडात अडकलो. वाक आणि धूळ वेगळे कसे ओळखावे? याचे उत्तर कंपनीच्या यंत्रात आहे. तुमच्या डब्यातून कंपनीकडे जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरचा असतो, आणि त्यांच्याकडून येणारा १४९० चा. वाकल्यामुळे लांब लहरीच्या प्रकाशाची गळती जास्त होते, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची. धुळीचा कण मात्र दोन्ही दिशांचा प्रकाश जवळजवळ सारखाच अडवतो. तुमच्या डब्याचा प्रकाश त्यांच्याकडे किती पोहोचतो, हे कंपनीच्या माणसाला पडद्यावर दिसते. येणारा बराच घटला आणि जाणारा थोडाच घटला, तर वाकण्याचा संशय घ्यावा. दोन्ही सारखेच घटले, तर जोड, प्लग किंवा तुटकी काच.

बंदचालू
हे मला नवीन आहे. मग कंपनीवाले हे आपणहून का पाहत नाहीत?

काचतंतू
कारण फोन घेणाऱ्याच्या पडद्यावर हे आकडे सहसा नसतात, ते तांत्रिक विभागाकडे असतात. म्हणून तक्रार तिथपर्यंत पोहोचेल अशी लिहून द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. डब्याची वीज गेली की तो विझता विझता कंपनीला एक शेवटचा निरोप पाठवतो. धंद्यात त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. केबलच तुटली तर असा निरोप पाठवता येत नाही. यावरून त्यांना कळते की घरची वीज गेली की तार तुटली. आपण तक्रारीपूर्वी तीन वेळा डबा बंद-चालू केला, तर नोंदीत तीन वेळा वीज गेल्याचे दिसते आणि खरा दोष त्यात झाकला जातो. तेव्हा तक्रारीच्या वेळी डबा चालूच ठेवा.

मनीमाऊ
डब्याचा अखेरचा श्वास! आता मी बटण बंद करताना नेहमी वाईट वाटून घेणार.

आजोबा_ऑनलाइन
निरोप पाठवण्याइतकी त्याची शिस्त आहे हे विशेष. आमच्या घरी कोणी बाहेर जाताना सांगत नाही.

संथप्रवाह
सर्वांचे आभार. मी पुढचा मजकूर तयार केला आहे. काही राहिले असेल तर सांगा.

"काल रात्री ९ पासून एलओएसचा दिवा लाल लुकलुकत होता व पॉनचा दिवा बंद होता. विजेचा दिवा सुरू आहे. डबा काल एकदा बंद-चालू केला, त्यानंतर तो चालूच आहे. रीसेट केलेले नाही. कपाटामागे केबलला घडी पडली होती. ती सरळ केल्यावर प्रकाश उणे २८.६ वरून उणे २५.९ झाला. बसवताना तो उणे २०.२ होता. मागील महिन्यात प्लग काही दिवस उघडा राहिला होता. तरी तंत्रज्ञाने साफ करण्याचे साधन व प्रकाश मोजण्याचे यंत्र सोबत आणावे, आणि आपल्याकडे माझा प्रकाश किती पोहोचतो हे येण्यापूर्वी पाहावे."

काचतंतू
उत्तम आहे. दोन ओळी वाढवा. शेजाऱ्यांची जोडणी सुरू आहे की नाही, कारण त्यांचीही बंद असेल तर दोष बाहेरच्या खांबावर किंवा जिथे एका तारेचे अनेक फाटे होतात तिथे असतो, आणि मग तुमच्या प्लगकडे पाहण्यात वेळ जातो. डब्याचा अनुक्रमांकही द्या, पण तो फक्त कंपनीला.

आणि प्लग उघडा ठेवल्याची कबुली तुम्ही लिहिली आहे, ती काढू नका. पुष्कळ लोक अशा वेळी "आम्ही हात लावला नाही" असे सांगतात आणि तंत्रज्ञ बाहेरची केबल तपासत अर्धा दिवस घालवतो.

कांचन_द
कबुली दिली तर ते खर्च आपल्या माथी मारणार नाहीत का? मला तर अशा वेळी गप्प राहावेसे वाटते.

खटपट्या
ताईंचे मला पटते. घडीचे सांगा, प्लगचे त्यांना शोधू द्या.

काचतंतू
खर्चाचे मला खात्रीने सांगता येणार नाही, प्रत्येक करार वेगळा असतो. वेळेपुरते म्हणाल, तर सांगणारा लवकर सुटतो.

संथप्रवाह
चौथ्या दिवशीची हकीकत. वरच्या मजल्यावर विचारले, त्यांची जोडणी सुरू आहे, म्हणून तेही लिहिले. कबुलीही ठेवली. दुसऱ्याच दिवशी तांत्रिक विभागातून फोन आला, आणि त्या गृहस्थांनी आकडे वाचून दाखवले. माझा प्रकाश त्यांच्याकडे पूर्वी उणे २१.६ पोहोचत होता, आता उणे २७.१ पोहोचतो आहे. म्हणजे जाणारा ५.५ ने घटला आणि येणारा ५.७ ने. मीच त्यांना म्हणालो, "मग वाक सुटला, आता प्लग." पलीकडे थोडी शांतता पसरली.

संध्याकाळी तंत्रज्ञ आला. त्याने आधी छोट्या सूक्ष्मदर्शकातून प्लगचे तोंड पाहिले आणि मलाही पडद्यावर दाखवले: काळ्या चकतीवर मधोमधच्या ठिपक्याला लागून एक मोठा ठसा, आणि आजूबाजूला पावडर शिंपडल्यासारखे कण. त्याने पेनासारखे साधन दोनदा खटकावले, मग डब्याच्या आतही. पुन्हा दाखवले तेव्हा ठसा गेला होता, पण कडेला एक बारीक ओरखडा उरला होता. जोडल्यावर:

```
Rx Power: -20.7 dBm
```

चपटी झालेली जागा कापून नवीन टोक लावू का असे त्याने विचारले, मी तूर्त नको म्हणालो.

काचतंतू
२०.२ आणि २०.७ यांत फरक नाही म्हणा. एवढे मापातही होते. पण त्या चपट्या जागेबद्दल मला तितकी खात्री नाही. दोन आठवडे आकडा लिहून ठेवा, विशेषतः कोणी कपाट हलवल्यावर. तो २२ च्या पुढे जाऊ लागला तर ती जागा कापून घ्या.

खटपट्या
आणि माझे चष्म्याचे कापड?

संथप्रवाह
ते मी त्या तंत्रज्ञाला विचारले. तो म्हणाला, त्याच्या साहेबाला सांगू नका, पण तोही वेळप्रसंगी वापरतो.